फोटोतले दोन कुकर: कोणता घ्यावा?

सांगलीतल्या दोन विक्रेत्यांनी एकाच कंपनीच्या पाच लिटर कुकरचे फोटो पाठवले. पहिल्याच्या बुडावर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर आयएस २३४७ हा प्रेशर कुकरचा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल हा उत्पादकाचा परवाना क्रमांक स्पष्ट वाचता येतो. दुसऱ्याच्या बुडावर नुसतेच चिन्ह आहे, क्रमांक नाही. ठसा नकली असू शकतो, म्हणून पहिल्याचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून उत्पादकाचे नाव आणि परवान्याची मुदत जुळवली, आणि दोन्ही जुळली. दुसऱ्याच्या गॅस्केटवर काहीच छापलेले नसून हँडलचे रिव्हेट तिरपे आहेत. तरीही मला खरी काळजी सेफ्टी व्हॉल्व्हची वाटते, कारण शिट्टीची नळी तुंबल्यावर त्यातला मिश्रधातू वितळून वाफ सुटली पाहिजे, आणि तो वितळेल की नाही हे फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून ज्याचा परवाना जुळला तो पहिलाच घ्यावा.