कॅफेसाठी साधा स्विच घ्यावा की स्मार्ट?

सायबर कॅफेसाठी स्विच घेताना आपण पोर्ट मोजतो आणि भाव विचारतो. साध्या आणि स्मार्ट स्विचमध्ये वेगाचा फरक पडत नाही. माझा कौल ठरला तो संध्याकाळी नेट मंदावण्याच्या त्रासामुळे.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. कॉलेज सुटून फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी झाली की पुढची रांग रखडायची आणि मागची जवळपास ठप्प. लाइन पुरत नाही, असंच कोणालाही वाटेल. पण पुढच्या पीसीवरून राउटरलाच पिंग करून पाहिलं:

```
ping -t 192.168.1.1
```

एरवी इथे 1 मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतं. संध्याकाळी आकडा शेकड्यांत जायचा, मध्येच `Request timed out.` म्हणजे दोष बाहेरच्या लाइनचा नव्हता, दुकानातलाच होता. मुख्य स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत फडफडत होते. एकेक केबल काढत गेलो. मागच्या रांगेची काढताच दिवे शांत झाले.

त्या रांगेच्या टेबलाखाली आठ पोर्टचा, 100 एमबीपीएसचा स्वस्त स्विच होता. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच्याच दोन पोर्टांत खोचलेली. लोंबणारं टोक झाडलोट करताना कोणीतरी लावलं असावं. मागची रांग गर्दी झाल्यावरच सुरू होते, तोवर त्या स्विचला वीजच नसते. म्हणून त्रास फक्त संध्याकाळी.

पीसी राउटरचा पत्ता शोधताना सगळ्यांना हाक घालतो. स्विच ती हाक आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून पाठवतो. केबल अशी फिरून त्याच स्विचला लागली की लूप होतो; त्यात तीच हाक परत येते आणि पुन्हा वाटली जाते. आयपी पॅकेटला किती टप्पे जायचं याची, म्हणजे टीटीएलची, मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला तशी काहीच नसते, त्यामुळे फेरे थांबत नाहीत. 100 एमबीपीएसच्या केबलवरून सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे 1 लाख 48 हजार जाऊ शकतात, आणि त्यातली प्रत्येक हाक राउटरला तपासावी लागते. मुख्य स्विच गिगाबिट होता, म्हणून पुढची रांग कशीबशी तगली.

साधा स्विच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. घरात किंवा दोन-चार पीसींच्या ऑफिसात तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. पण लूप झाला तर तो गप्प राहतो. स्मार्ट स्विच महाग पडतो, मात्र लूप ओळखून तेवढाच पोर्ट अडवतो. सगळे बदलायची गरज नाही; राउटरजवळचा मुख्य स्विच स्मार्ट असला तर मागच्या टेबलाखालचा गोंधळ निदान पुढे येत नाही. मागची रांग मात्र लूप काढेपर्यंत बंदच राहील.

माझ्यापुरतं म्हणाल तर अनोळखी हात जिथे केबलला लागतात, तिथे मी स्मार्टच घेईन. फक्त घेतल्यावर त्याच्या सेटिंगच्या पानावर `Loop Prevention` चालू आहे ना, हे बघा. काही मॉडेलांत ते बंदच येतं.