बिलात नवे व्हॉल्व्ह, चाकात जुनेच

नवे टायर बसवताना बिलात लिहिलेले व्हॉल्व्हचे सुटे भाग खरोखर बदलले आहेत की केवळ टोप्या नव्या लावल्या आहेत, हे गाडी ताब्यात घेताना वरवर पाहून कळत नाही. माझी फसवणूक झाली ती याच गोष्टीचा फायदा घेऊन, आणि नंतर त्याच दुकानाने त्या फसवणुकीच्या आधारे आणखी एक वस्तू माझ्या माथी मारण्याचा प्रयत्न केला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या गाडीच्या चारही चाकांना हवेचा दाब मोजणारे टीपीएमएस सेन्सर आहेत. त्यांचे व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमचे असून रिमच्या छिद्रातून बाहेर येतात आणि बाहेरून नट आवळून बसवलेले असतात. स्टेपनीला मात्र साधा, खेचून बसवण्याचा रबरी व्हॉल्व्ह आहे. मी स्टेपनीसह पाचही टायर बदलून घेतले. बिलात सेन्सरसाठी चार सर्व्हिस किट आणि स्टेपनीसाठी एक रबरी व्हॉल्व्ह अशा स्वतंत्र नोंदी होत्या. किट म्हणजे रिम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जागा बंद करणारे रबरी ग्रोमेट, नट, वॉशर, आतली पिन आणि टोपी. सेन्सर चांगला असेल तर तो तसाच ठेवून एवढेच भाग बदलायचे असतात.

या भागांत खरे काम ग्रोमेट करते. नट आवळला की ते दाबले जाते आणि त्या दाबामुळेच हवा अडते. पण वर्षानुवर्षे दाबलेल्या अवस्थेत, ब्रेकच्या आणि रस्त्याच्या उष्णतेत राहिलेले रबर आपली उसळी गमावते आणि ज्या आकारात दाबले गेले त्याच आकारात कडक होऊन बसते. जुना टायर काढताना आणि नवा चढवताना रिमला जी हिसके-ओढाताण होते, तिच्यात हे कडक झालेले रबर जागेवरून किंचित जरी हलले, तरी पुन्हा पूर्वीसारखे बसत नाही. ते बदलण्यासाठी टायरची कड रिमवरून सोडवावीच लागते. त्यामुळे टायर बदलताना जे काम काही मिनिटांचे असते, तेच नंतर करायचे म्हटले की चाक उतरवणे, टायर सोडवणे, पुन्हा हवा भरणे आणि बॅलन्सिंग असा सगळा खर्च नव्याने येतो.

गाडी घेऊन आल्यावर पुढच्या डाव्या चाकातली हवा हळूहळू कमी होऊ लागली. 33 पीएसआय भरलेली हवा 26 वर आली तेव्हा डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला. दुकानात गेल्यावर कारागिराने टायर न उतरवता नट आणखी आवळला. त्याने गळती थोडी थांबली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. हा उपाय चुकीचाच होता, कारण या नटाला मोजून दिलेला ताण लागतो, जो बनावटीनुसार साधारण 4 ते 8 न्यूटन-मीटर इतका कमी असतो. उसळी गेलेल्या रबरावर त्याहून जास्त जोर लावला तर रबर सुधारत नाही, उलट व्हॉल्व्हच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला तडा जाण्याचा धोका वाढतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मला सांगण्यात आले की सेन्सरच खराब झाला आहे आणि एकाची बॅटरी गेली म्हणजे बाकीच्यांचीही जाणार, तेव्हा चारही सेन्सर नवे घ्यावेत. या सेन्सरची बॅटरी आत बंदिस्त असते आणि साधारण 5 ते 10 वर्षांनी संपते हे खरे आहे, त्यामुळे दावा ऐकायला पटण्यासारखा होता. परंतु सेन्सरकडून संदेश येणे बंद झाले की बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन सुरू केल्यावर दिवा मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. माझ्याकडे दिवा सुरुवातीपासून स्थिर होता, म्हणजे हवा खरोखर कमी असल्याची ती खूण होती. शिवाय डॅशबोर्डवरचा आकडा आणि हातातल्या गेजचा आकडा जुळत होते. जो सेन्सर दाब बरोबर सांगतो, तो हवा गळते म्हणून बदलायला सांगणे हे अज्ञान तरी असते किंवा लबाडी, आणि बिलातले किट पाहता मला अज्ञानाचा पर्याय मान्य करता येत नाही.

मग मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या कारागिराने व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी लावले. टोपीखालच्या पिनेतून नव्हे, तर नट आणि रिम यांच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची रांग उठली. टायर सोडवून व्हॉल्व्ह काढल्यावर ग्रोमेट त्यांनी माझ्या हातावर ठेवले: रिमच्या छिद्राची कड त्यात खोल खाचेसारखी उमटली होती आणि नखाने दाबले तरी ती खाच भरून येत नव्हती. पिन पिवळी, पितळी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली, चंदेरी दिसणारी पिन लागते, कारण पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की अ‍ॅल्युमिनियम गंजते आणि आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते. त्या भुकटीने पिन अशी जखडली होती की काढताना आतले आटे खरवडून तिच्यासोबत आले. पिन त्या किटमधली नव्हतीच, हे त्यावरून उघड झाले. माझ्या सेन्सरची नळी स्क्रूने वेगळी होणारी असल्याने फक्त नळी बदलून भागले. नळी आणि सेन्सर एकसंध असते, तर या एका पिनेपायी अख्खा सेन्सर घ्यावा लागला असता.

उरलेल्या तिन्ही चाकांतही जुनेच ग्रोमेट निघाले. स्टेपनीचा रबरी व्हॉल्व्ह काळाभोर चकाकत होता, पण कापडाने पुसताच टायरला लावतात ते पॉलिश कापडावर उतरले, आणि व्हॉल्व्ह हलकेच एका बाजूला वाकवला तेव्हा बुडाशी, रिमला लागून, केसांएवढ्या भेगांचे कडे उघडले. हवेतला ओझोन ताणलेले रबर आधी फोडतो, आणि छिद्रात आवळून बसलेल्या व्हॉल्व्हचे बूड कायम ताणलेलेच असते. चालत्या चाकात तर व्हॉल्व्ह वेगासोबत बाहेरच्या बाजूला झुकतो आणि गाडी थांबली की परत येतो, त्यामुळे त्या भेगा आणखी लवकर आत शिरतात. अशा व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू जाईलच असे नाही. तो वेगात असताना बुडाशी तुटला तर टायर पाहता पाहता रिकामा होतो.

टायर बदलायला देण्यापूर्वी चाकावरच्या नटावरून रिमवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून तिचा फोटो काढून ठेवावा. ग्रोमेट बदलायचे तर नट काढावाच लागतो, आणि नवा नट आला की रेघेचा त्यावरचा भाग नाहीसा होतो. काम झाल्यावर रेघ जशीच्या तशी दिसली तर किट बसवलेले नाही. रबरी व्हॉल्व्ह तर जुना कापून किंवा उपटूनच निघतो, म्हणून तो मागून घ्यावा, आणि त्यासोबत जुने ग्रोमेट, नट व पिनाही मोजून ताब्यात घ्याव्यात. हे सर्व बिल चुकते करण्याआधी करावे. मी जुने भाग, त्यांचे फोटो आणि दुसऱ्या कारागिराचे लेखी निदान दाखवल्यावर पहिल्या दुकानाने किटचे आणि रबरी व्हॉल्व्हचे पैसे परत केले. पाचही टायर दुसऱ्यांदा सोडवून बॅलन्सिंग करून घेण्याची मजुरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत नाकारली.