पेट्रोल गाडीला ‘डीपीएफ क्लीनिंग’चं बिल : सोलापुरातला एक प्रकार, सावध राहा

गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची, तीन वर्षांची. रोजचा वापर होटगी रोड ते सात रस्ता, मुलांची शाळा आणि परत, म्हणजे एका खेपेला जेमतेम चार किलोमीटर. एक दिवस मीटरवर पिवळा दिवा लागला आणि Check exhaust system असा मेसेज आला. गाडी बाहेरच्या एका गॅरेजात गेली. मेस्त्रीने स्कॅनर लावून स्क्रीन पुढे केली : P2463, Diesel Particulate Filter Restriction – Soot Accumulation. “मालक, डीपीएफ जाम झालाय. असंच चालवलं तर इंजिन बसेल.” डीपीएफ म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बिल झालं 11,800 रुपये. डीपीएफ क्लीनिंग 6,500, फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी मुद्दाम जाळणं, 1,500, इंजिन ऑइल 15W-40 3,000 आणि टाकीत ओतायचं अ‍ॅडिटिव्ह 800.

पंधरवड्यात दिवा परत लागला. मग पुढचा सल्ला आला, “फिल्टर काढूनच टाकू, ईसीयूत मॅप मारू, पीयूसी आरामात पास होते.” म्हणजे फिल्टर नसला तरी दिवा लागू नये असा बदल इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये करायचा.

फसवणुकीची सुरुवात त्या स्क्रीनपासूनच झाली. P2463 किंवा P2002 हे कोड पेट्रोल गाडीतही येतात, पण स्वस्त स्कॅनरच्या यादीत त्यांच्यापुढे जुनंच ‘डिझेल’ नाव छापलेलं असतं. त्यावरून गाडीत डिझेलचा फिल्टर आहे असं ठरत नाही, आणि डिझेलचा इलाज तर नाहीच नाही. या गाडीत असतो जीपीएफ, म्हणजे पेट्रोलचा पार्टिक्युलेट फिल्टर. बीएस 6 मध्ये डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना कणांच्या संख्येची मर्यादा आली, म्हणून तो बसवावा लागला. साध्या एमपीएफआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन नसलेल्या पेट्रोल गाड्यांना ती मर्यादा नाही, त्यामुळे त्यांच्यात तो सहसा नसतो. तुमच्या गाडीत आहे की नाही ते ओनर्स मॅन्युअलमध्ये पाहा. नसलेला फिल्टर साफ करून देणारेही भेटतात.

आता दोन्ही फिल्टरांतला फरक. काजळी जळायला दोन गोष्टी लागतात, सुमारे 600 अंशांची उष्णता आणि ऑक्सिजन. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर असतो, पण शहरात चालवताना तो धूर थंड पडतो. म्हणून डिझेल इंजिन जादा इंधन फवारून फिल्टर तापवतं, आणि ते काम पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. पेट्रोलचं नेमकं उलटं आहे. धूर आधीच तापलेला असतो, पण हवा आणि पेट्रोलचं प्रमाण तंतोतंत राखलेलं असल्याने त्यात ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही. तो मिळतो फक्त एका वेळी : गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढता तेव्हा. इंजेक्टर बंद होतात, इंजिन नुसती हवा ढकलतं, आणि तापलेल्या फिल्टरमधली काजळी जळते. काही सेकंद पुरतात, पण असे प्रसंग पुन्हापुन्हा यावे लागतात.

म्हणूनच आपल्याकडची उतारावर न्यूट्रल करायची सवय इथे नडते. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पेट्रोल जाळत राहतं, फिल्टरला हवा मिळत नाही, आणि पेट्रोलची बचतही होत नाही, कारण गिअरमध्ये पाय काढल्यावर खर्च शून्य असतो. त्यात चार किलोमीटरच्या खेपा. काजळी सगळ्यात जास्त होते ती इंजिन थंड असताना, आणि फिल्टर पुरता तापायच्या आत गाडी शाळेच्या दारात बंद होते.

आता बिलाकडे पाहा. फोर्स्ड रीजनरेशन म्हणजे या गॅरेजात गाडी उभी करून दिलेली रेस होती. काही गाड्यांत कंपनीच्या टूलने सर्व्हिस रीजनरेशन करता येतं हे खरं, पण नुसती रेस देऊन पेट्रोल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन येत नाही. क्लीनिंगचा फेस फिल्टरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीतून मारला होता. दिवा गेला तो मुख्यतः स्कॅनरने कोड पुसला म्हणून. काजळी होती तिथेच राहिली, म्हणून तर तो परत आला.

सगळ्यात वाईट ओळ ऑइलची. 15W-40 हे डिझेल इंजिनाचं ऑइल होतं, आणि अशा ऑइलमध्ये राख होणारी द्रव्यं बहुधा एक टक्क्याच्या वर असतात. फिल्टरवाल्या पेट्रोल गाड्यांना पातळ, कमी राखेचं ऑइल लागतं. C2 किंवा C3 दर्जाच्या ऑइलला 0.8 टक्क्यांची मर्यादा आहे. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरात कायमची बसते आणि पुढे फिल्टर बदलण्याखेरीज फारसा मार्ग राहत नाही. म्हणजे तीन हजार रुपये घेऊन फिल्टरचं आयुष्य कमी करून दिलं. ते ऑइल लगेच काढून मॅन्युअलमधल्या दर्जाचं भरावं लागलं. गॅरेजात तुमच्या देखत डबा उघडायला सांगा आणि डब्यावरचा दर्जा मॅन्युअलशी ताडून पाहा, नुसता ब्रँड पाहू नका.

दिवा शेवटी गेला पुणे हायवेवर. इंजिन तापल्यावर गाडी मोहोळच्या दिशेने काढली. ताशी 80 च्या वर, चौथ्या गिअरमध्ये, साधारण 2,500 ते 3,000 आरपीएमवर चालवली. मागे वाहन नाही असं पाहून मधूनमधून पाय पूर्ण काढायचा, क्लच न दाबता वेग 80 पासून 60 पर्यंत उतरू द्यायचा, पुन्हा वाढवायचा. क्रूझ कंट्रोल लावायचा नाही, कारण तो वेग राखायला पेट्रोल देतच राहतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवा. अर्ध्या तासात दिवा विझला. बऱ्याच मॅन्युअलमध्ये हाच उपाय असतो, वेग आणि वेळ आपापल्या गाडीप्रमाणे पाहावा.

हा उपाय फक्त स्थिर पेटलेल्या दिव्यासाठी आहे. फिल्टरचा दिवा लुकलुकत असेल, गाडी ओढत नसेल, तर हायवेला नेऊ नका. इंजिनाचा दिवा लुकलुकत गाडी झटके देत असेल तर ते मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल फिल्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिक जाळी वितळू शकते. आधी प्लग आणि कॉइल पाहायला लावा.

“जाम आहे” म्हणणाऱ्याकडे लाइव्ह डेटा मागा. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक शून्याच्या आसपास हवा. तिथेच आकडा दिसत असेल तर खोट सेन्सरची आहे. सेन्सरच्या रबरी नळ्या तडकल्या तरी हाच कोड येऊ शकतो, आणि नळी फिल्टरच्या मानाने अगदी स्वस्त असते. काजळीचा आकडा कामाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा फोटो काढून ठेवा. कोड मात्र फोटोआधी पुसू देऊ नका.

फिल्टर काढण्याबद्दल : पीयूसीत पेट्रोल गाडीचे कण मोजतच नाहीत, त्यामुळे नुसता फिल्टर काढला तर “पास होते” हे खरं असू शकतं. पण तो बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही आणि वॉरंटीलाही बाधा येते. काढणाऱ्याचा फायदा वेगळाच असतो. अनेक गाड्यांत फिल्टर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकाच डब्यात असतात, त्यात पॅलेडियम, रोडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. फिल्टर बदलावाच लागला तर जुना सुटा भाग परत मागा. त्या गॅरेजने बिलात ‘डीपीएफ’ लिहून दिलं, तेच इथे कामाला आलं : पेट्रोल गाडीचं आरसी आणि ते बिल सोबत ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.