विणलेला गुलाब : पाच आऱ्यांचा की सात आऱ्यांचा?

भरतकामात ब्लाउजच्या बाहीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर विणलेला गुलाब घ्यायचे ठरले, की आरे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत घातलेले ज्यांच्यातून दोरा विणायचा ते सरळ टाके, पाच ठेवावेत की सात, हे कापडावर सुई लावण्यापूर्वीच ठरवावे लागते. आऱ्यांची संख्या विषम हवी, हे बहुतेकांना ठाऊक असते. पाच आणि सात यांतला खरा फरक मात्र गुलाबाच्या बाहेरच्या कडेला दिसतो, कारण पाकळ्यांमधून कापड डोकावते ते तिथेच.

विणताना दोरा एका आऱ्यावरून आणि पुढच्या आऱ्याखालून जातो, म्हणजे वर दिसणारा प्रत्येक वेढा आऱ्यांमधली दोन अंतरे ओलांडतो. गुलाबाचा व्यास २ सेंटिमीटर असेल, तर पाच आऱ्यांत कडेचा हा मोकळा वेढा सुमारे २.३५ सेंटिमीटर लांब होतो, आणि सात आऱ्यांत तो सुमारे १.७५ सेंटिमीटरवर येतो. लांब वेढा सैल पडतो, बाजूला सरकतो आणि दोन वेढ्यांमध्ये फट उघडते. शिवाय बाहीवरचा असा वेढा बांगडीत अडकतो, हे नाशिकच्या लग्नसराईत शिवलेल्या ब्लाउजांवर मी पुष्कळदा पाहिले आहे. एवढ्यावरून सात आरेच सरस वाटतील, आणि मोठ्या फुलासाठी ते सरस आहेतही.

तरीही माझे मन पाचाकडे झुकले, ते एका त्रासामुळे. ३६० अंशांचे पाच भाग केले, तर प्रत्येक भाग ७२ अंशांचा येतो आणि घड्याळाच्या तबकडीवर तो बरोबर १२ मिनिटांचा भरतो. त्यामुळे ०, १२, २४, ३६ आणि ४८ या मिनिटांवर खुणा केल्या, की काम झाले. सातात प्रत्येक भाग सुमारे ५१.४ अंशांचा, म्हणजे साडेआठ मिनिटांहून किंचित जास्त येतो, आणि त्याला तबकडीवर ठरलेली खूणच नाही. नजरेने खुणा करत गेले, की उरलेसुरले सगळे अंतर शेवटच्या दोन आऱ्यांमध्ये साचते. ते एक रुंद अंतर मग कोणत्याही फेरीत बुजत नाही, कारण तिथला वेढा प्रत्येक फेरीत बाकीच्यांहून लांबच राहतो. मध्यापासून निघालेली ती चीर कडेपर्यंत जाते आणि गुलाब तिथे उसवल्यासारखा दिसतो. विणून झाल्यावर हा दोष सुधारत नाही, सगळे उसवावेच लागते. निष्णात हातांना हा त्रास कदाचित होत नसेल; मला झाला, आणि निवड त्यावरच ठरली.

पाच आऱ्यांची कडेची अडचण आकार कमी करून सुटते. व्यास १.५ सेंटिमीटर ठेवला, तर पाच आऱ्यांचा वेढाही जवळजवळ १.७५ सेंटिमीटरच येतो, म्हणजे २ सेंटिमीटरच्या सात आऱ्यांच्या गुलाबाइतकाच. म्हणून बाहीवर दोन मोठ्या गुलाबांऐवजी तीन लहान गुलाब एकमेकांना खेटून घ्यावेत, असे मला वाटते. लहान फुलात आणखी एक फायदा असा, की सगळे आरे मध्यबिंदूच्या एकाच छिद्रात उतरतात आणि पाचांची गर्दी तिथे कमी होते. रुबियासारख्या घट्ट विणीच्या कापडात सातांमुळे ते छिद्र रुंदावते आणि मधे कडक गाठोळा उभा राहतो.

दोऱ्याच्या बाबतीत दोन्हींना एकच नियम लागू होतो. आरे दोन किंवा तीन पदरांचे, रिंगमध्ये कापड ताणून घट्ट घालावेत, कारण सैल आरा विणीच्या दिशेला वाकतो आणि त्याच्या मागच्या बाजूला फट पडते. विणीचा दोरा सहा पदरी आणि आऱ्यांच्याच रंगाचा असावा. सहाही पदर एकेक करून सुटे काढून पुन्हा जुळवले, तर ते पसरून बसतात आणि जास्त जागा झाकतात. पीळदार पर्ल कॉटन सुंदर चमकते, पण गोल राहते, त्यामुळे त्यात फेऱ्या जास्त घालाव्या लागतात. सुई नेढ्याच्या बाजूने आऱ्याखालून सरकवावी, म्हणजे कापड किंवा आरा टोचला जात नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मध्याशी घट्ट ओढाव्यात, पुढच्या फेऱ्या नुसत्या बसवाव्यात. दोऱ्याला पीळ चढला, की सुई लोंबती सोडून तो उलगडू द्यावा, नाहीतर पदर आवळतात आणि पाकळी बारीक होते. फूल भरल्यासारखे दिसले, तरी आऱ्यांची टोके पूर्ण दडेपर्यंत एखाद-दुसरी फेरी जास्त घालावी.

उशीच्या अभ्र्यावर ३ सेंटिमीटरचे फूलच हवे असेल, तर अर्थातच सात आरे घ्यावेत. मात्र कोनमापकाने जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर ५२, ५१, ५१, ५२, ५१, ५१ आणि ५२ अंशांच्या खाचा एकदाच पाडून ठेवाव्यात, आणि प्रत्येक फुलाच्या खुणा त्याच चकतीवरून कापडावर उतरवाव्यात.