रद्द प्रमाणपत्र: यादी की थेट चौकशी?

वेबसाइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे ब्राउझर दोन प्रकारे तपासू शकतो. सीआरएल म्हणजे रद्द प्रमाणपत्रांची अख्खी यादी. 2014 च्या हार्टब्लीड या सुरक्षा-त्रुटीनंतर प्रमाणपत्रं देणाऱ्या ग्लोबलसाइनची अशी एक यादी 22 केबीवरून साडेचार एमबीपलीकडे फुगली. ओसीएसपी म्हणजे थेट चौकशी: त्यात ब्राउझर एकाच प्रमाणपत्राबद्दल ते देणाऱ्या संस्थेला विचारतो. उत्तर छोटं येतं, पण तुम्ही कुठली साइट उघडताय ते त्या संस्थेला कळतं.

खरी अडचण उत्तर न आल्यावर. संस्थेचा सर्व्हर बंद पडला म्हणून हजारो साइट अडवायच्या का? त्यामुळे बहुतेक ब्राउझर उत्तराविना पुढे जात आले. मग साइटची चोरलेली खासगी किल्ली घेऊन ब्राउझर आणि साइटच्या मध्ये बसलेला हल्लेखोर ओसीएसपीची विनंतीही अडवतो आणि रद्द प्रमाणपत्र बिनबोभाट चालतं.

मला यादीच पटते. फायरफॉक्सचं सीआरएललाइट ती आटोपशीर करून आधीच उतरवून ठेवतं. प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनेही 2025 मध्ये ओसीएसपी बंद केलं.