दुधातली साखर नडते की प्रथिन?

पोषणशास्त्राच्या पेपरात लॅक्टोज असहिष्णुता आणि दुधाची ॲलर्जी यांतला फरक विचारला की बहुतेक जण लक्षणांपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो, कारण पोटदुखी, जुलाब दोन्हींत असू शकतात. आधी कारण लिहा. लॅक्टोज असहिष्णुतेत लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात कमी पडतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, म्हणून गॅस. ॲलर्जीत मात्र प्रतिकारशक्ती केसीनसारख्या प्रथिनावर उलटते. अंगावर गांधी, ओठांना सूज, कधी श्वास अडकून जिवावर बेततं.

उदाहरण नाशिकचंच द्या. मिसळीसोबतचं वाटीभर दही लॅक्टोज न पचणाऱ्यालाही बहुधा पचतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. ॲलर्जीवाल्याला त्यातला चमचाही नको. लॅक्टोजमुक्त दूधही चालणार नाही. त्यात प्रथिन जसंच्या तसं असतं.