फोटो /content मध्ये की ड्राइव्हवर?

फुकटच्या गूगल कोलॅबवर डीपफेक बनवायला मनाई आहे, त्यामुळे चेहरा बदलणारं मॉडेल चालवताना सेशन मध्येच तुटू शकतं. तरी कुणा अनोळखी माणसाचं नोटबुक घेऊन स्वतःच्याच फोटोंवर प्रयोग करायचाच असेल, तर मी फोटो कोलॅबच्या तात्पुरत्या मशीनवरच्या `/content` फोल्डरमध्ये टाकेन. सेशन संपलं की ते मशीन पुसलं जातं, फोटोही जातात. पुढच्या वेळी पुन्हा अपलोड करा, एवढाच ताप.

गूगल ड्राइव्ह जोडली की हा ताप वाचतो, पण `drive.mount` ला परवानगी देताच त्या अनोळखी नोटबुकमधल्या कोडला तुमची अख्खी ड्राइव्ह उघडी होते.

आणि एक गंमत: सेलखाली दाखवलेला फोटो `.ipynb` फाइलमध्येच सेव्ह होतो. मशीन पुसलं तरी तो तिथेच! नोटबुक शेअर करण्याआधी आउटपुट साफ करा.